‘रोज एक पेग’ आणि न पिणाऱ्यांच्या रकान्यातले मामा

*मी इंदूरची, वय ५१. घर जुन्या वळणाचं, पण रविवारी संध्याकाळी पुरुष मंडळी बसतात त्याला आता कुणी हरकत घेत नाही. आमच्या ह्यांचं मात्र हल्ली रोजचं झालं आहे, जेवणाआधी एक पेग. म्हणतात, थोडी घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, हृदयविकार कमी होतो, हे परदेशातल्या मोठमोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय. माझे दीर औषध कंपनीत आहेत, तेही तसे लेख पाठवत असतात. मला रक्तदाब आहे आणि परवाच्या तपासणीत ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल कमी आलं. तेव्हापासून दोघंही माझ्या मागे लागलेत की तूही रात्री थोडी वाइन घे, औषध म्हणून. माझे मामा पिण्यापायी गेले. लिव्हर बिघडल्यावर त्यांनी सोडली, पण दोन वर्षांत गेलेच. त्यामुळे मला हे पटत नाही. पण लेख वाचले की वाटतं, इतके मोठे अभ्यास खोटे कसे असतील? एक तर संशोधन खोटं, नाही तर मी अडाणी. मी काय करू?*

*— एक वाचक, इंदूर*

ताई, आधी निर्णयाचं बोलते. वाइन सुरू करू नका. ज्या पुराव्यावर तुम्हाला ती ‘औषध म्हणून’ सुचवली जातेय, तो पुरावा औषध लिहून देण्याइतका पक्का नाही. आणि तुमच्या बाबतीत नुकसानीचा पुरावा फायद्याच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे वळू. संशोधन खोटं किंवा मी अडाणी, असे दोनच पर्याय तुम्ही स्वतःसमोर ठेवलेत. पण दिरांनी पाठवलेल्या बहुतेक अभ्यासांत जे दिसलं म्हणून लिहिलंय ते खरोखरच दिसलेलं असतं. हजारो लोकांना विचारलं, तुम्ही किती पिता? उत्तरांप्रमाणे गट केले: अजिबात न घेणारे, थोडी घेणारे, भरपूर घेणारे. मग दहा-पंधरा वर्षं वाट पाहिली आणि कोणत्या गटात किती माणसं गेली ते मोजलं. भरपूर पिणारे सगळ्यांत जास्त गेले, यात नवल नाही. पण थोडी घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षाही कमी गेले. असा आलेख अनेक देशांत, अनेकदा निघाला आहे. तो कुणी बनवलेला नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. थोडी घेणारे जास्त जगले, ही पाहिलेली गोष्ट. थोडी घेतल्यामुळे ते जास्त जगले, हा त्यावरून काढलेला अर्थ. पहिल्याला सहसंबंध म्हणतात, दुसऱ्याला कार्यकारणसंबंध. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मधे एक मोठी अट पाळावी लागते: पिणं सोडलं तर हे गट बाकी सगळ्या बाबतींत सारखे असले पाहिजेत. ते तसे होते का, हे पाहायला तुमच्या मामांचीच मदत होईल.

मामांच्या शेवटच्या दोन वर्षांत असा एखादा अभ्यास इंदुरात चालू होता असं धरा. सर्वेक्षणाचा माणूस कागद घेऊन दारात आला आणि त्यानं विचारलं, “आपण दारू घेता का?” मामांनी खरं तेच सांगितलं असतं, “नाही, घेत नाही.” त्यांच्या नावापुढे खूण कुठे झाली असती? न पिणाऱ्यांच्या रकान्यात. आणि पुढे ते गेले, तेव्हा तो मृत्यू न पिणाऱ्यांच्याच खात्यावर जमा झाला असता. ज्या मृत्यूमुळे तुम्हाला दारूची भीती वाटते, तोच मृत्यू दिरांच्या लेखात ‘न पिणं धोक्याचं’ या बाजूला उभा राहिला असता.

हा केवळ तर्क नाही. ब्रिटनमध्ये २४ गावांतल्या ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांचा एक दीर्घ अभ्यास चालू होता. त्यातल्या संशोधकांनी १९८८ साली हेच दाखवून दिलं. तब्येत बिघडत गेली की माणसं पिणं कमी करतात किंवा सोडतात, त्यामुळे ‘न पिणारे’ म्हणून जो गट मोजला जातो त्यात आधीच आजारी असलेल्यांची भर पडत राहते. म्हणजे कार्यकारणाचा बाण निदान काही अंशी उलटा आहे. न पिण्यामुळे आजार आला नाही, तर आजारामुळे पिणं सुटलं.

यानं आकड्यांत केवढा फरक पडतो ते एका उदाहरणात पाहा. आकडे मी समजुतीसाठी धरलेत. रामबाग, लोकमान्य नगर अशा आपल्या वस्त्यांमधले साठीचे पुरुष घेऊ. ४०० जण अजिबात घेत नाहीत, ४०० जण थोडी घेतात. न घेणाऱ्या ४०० पैकी ३०० जणांनी आयुष्यात कधीच घेतलेली नाही, आणि १०० जणांनी मामांसारखी आजारपणामुळे सोडली आहे. दहा वर्षांत कधीच न घेतलेल्या ३०० पैकी ३० गेले, म्हणजे शंभरात १०. सोडलेल्या १०० पैकीही ३० गेले, कारण ते आधीच आजारी होते. थोडी घेणाऱ्या ४०० पैकी ४४ गेले, म्हणजे शंभरात ११.

आता न घेणारे सगळे एकत्र मोजा. ४०० पैकी ६० गेले, शंभरात १५. थोडी घेणाऱ्यांत ११. मथळा तयार झाला: थोडी घेतल्यानं मृत्यूचा धोका चतुर्थांशाहून जास्त घटतो! पण सोडलेले वेगळे काढले आणि कधीच न घेतलेल्यांशी तुलना केली, तर १० विरुद्ध ११. फायदा नाहीसा झाला. एकही आकडा खोटा नव्हता, एकही माणूस खोटं बोलला नाही. फक्त कुणाची तुलना कुणाशी केली, तेवढ्यानं उत्तर फिरलं.

म्हणून दिरांचा पुढचा लेख आला की सगळ्यात आधी ‘न पिणारे’ म्हणजे कोण, ते शोधा. आयुष्यभर न घेतलेले, की विचारलं त्या दिवशी न घेणारे? लेखात हे लिहिलेलंच नसेल तर त्या मथळ्यावर घरातला कोणताही निर्णय घेऊ नये.

इथे प्रामाणिकपणे सांगते, सोडलेल्यांना बाजूला काढलं तरी काही अभ्यासांत थोडी घेणाऱ्यांचा थोडा फायदा उरतोच. तेवढा तरी दारूचा म्हणायचा का? त्यासाठी थोडी घेणारी माणसं एरवी कशी असतात ते पाहावं लागेल. अमेरिकेत दोन लाखांहून जास्त लोकांच्या दूरध्वनी सर्वेक्षणातून २००५ साली हाच प्रश्न तपासला गेला. हृदयविकाराशी जोडल्या गेलेल्या ३० गोष्टी घेतल्या, आणि त्यांतल्या २७ न पिणाऱ्यांमध्ये जास्त आढळल्या. शिक्षण कमी, उत्पन्न कमी, तब्येत आधीपासून तोळामासा, अशा स्वरूपाच्या. अमेरिकेत रात्रीच्या जेवणाबरोबर एक ग्लास वाइन घेऊन थांबणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, वेळेवर डॉक्टरकडे जाणारा, फिरायला जाणारा असतो. त्याच्या दीर्घायुष्याचं श्रेय हातातल्या ग्लासला गेलं, कारण अभ्यासानं ग्लास मोजला होता.

आपल्याकडे तर पिणाऱ्यांची जातकुळीच वेगळी. इथे बऱ्याच घरांत न पिणं हा संस्काराचा भाग आहे, गरिबीचा किंवा आजारपणाचा नव्हे. त्यामुळे दारूत खरंच काही गुण असता तर तो इथेही दिसायला हवा, आणि गुण नुसता माणसांच्या निवडीतून आलेला असेल तर इथे तो विरून जावा. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा हृदयविकाराच्या झटक्याचा मोठा अभ्यास आहे. त्यातल्या दक्षिण आशियाई लोकांची आकडेवारी २००७ साली वेगळी प्रसिद्ध झाली. जगातल्या इतर लोकांत दिसलेला दारूचा ‘फायदा’ आपल्या भागातल्या लोकांत दिसला नाही. एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडे पिण्याची तऱ्हाही वेगळी आहे. पण समाज बदलला की संबंध बदलतो, ही संशय घ्यायला पुरेशी खूण आहे.

यावर दीर म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं अगदी रास्त असेल, की संशोधकांना हे कळत नाही का? ते उत्पन्न, शिक्षण, सिगारेट हे सगळं हिशोबात धरतात. धरतात, हे खरं. म्हणजे श्रीमंताची तुलना श्रीमंताशी, सिगारेट ओढणाऱ्याची ओढणाऱ्याशी. पण हिशोबात तेच धरता येतं जे मोजलेलं आहे, आणि ते जितकं नीट मोजलंय तितकंच. ‘उत्पन्न किती’ या रकान्यात माणसाचं लहानपण कसं गेलं ते येत नाही. घरात कुणी काळजी घेणारं आहे का, हेही येत नाही. स्वभावानं तो माणूस प्रत्येक गोष्टीत बेतानं वागणारा आहे, हे तर कुठल्याच फॉर्मवर नसतं, आणि रोज एकच पेग घेऊन थांबणं हीच त्या स्वभावाची खूण असू शकते. अभ्यासात पाच हजार माणसं आहेत की पाच लाख, यानं या अडचणीत काही फरक पडत नाही. मोठा आकडा योगायोगाची शंका घालवतो, गटांमधला मूळचा फरक घालवत नाही. ‘इतके मोठे अभ्यास’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग खात्री कशी करायची? सरळ उपाय म्हणजे कोण पिणार हे माणसानं स्वतः ठरवायचं नाही, सोडतीनं ठरवायचं. काही हजार लोक घ्यायचे, चिठ्ठी टाकायची, निम्म्यांना रोज एक पेय, निम्म्यांना अजिबात नाही. चिठ्ठीला कुणाचं उत्पन्न कळत नाही आणि कुणाचं आजारपणही कळत नाही. त्यामुळे मोजलेल्या आणि न मोजलेल्या सगळ्याच बाबतींत दोन्ही गट सरासरीनं सारखे होतात. पुढे फरक पडला तर तो चिठ्ठीत लिहिलेल्या गोष्टीचाच. नवीन औषध बाजारात येण्याआधी हीच परीक्षा देतं, आणि दीर ज्या धंद्यात आहेत तिथे हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. वाइनला ‘औषध’ म्हणायचं तर औषधाची परीक्षा तिनंही द्यावी, एवढंच त्यांना विचारा.

अमेरिकेत अशी परीक्षा घ्यायचं ठरलंही होतं. सुमारे ७,८०० लोक आणि साधारण सहा वर्षं, असा बेत होता. पण पैसा मोठ्या प्रमाणात दारू कंपन्यांकडून येत होता, आणि तो मिळवण्यासाठी सरकारी संस्थेतल्या अधिकाऱ्यांनीच त्यांच्याशी संधान बांधलं होतं, असं उघडकीला आलं. आखणीतही खोट निघाली. हृदयाचा फायदा दिसला तर दिसावा, पण कर्करोगासारखं नुकसान दिसायला लागतो तेवढा काळ आणि तेवढी माणसं त्यात नव्हती. १०५ लोक भरती झाले असताना, जून २०१८ मध्ये तो प्रयोग कायमचा बंद करण्यात आला. हृदयविकार आणि मृत्यू मोजणारी दारूची अशी मोठी सोडत आजवर पूर्ण झालेली नाही. ‘सिद्ध झालंय’ हा शब्द घरात आला की ही गोष्ट आठवा.

पण सोडत माणसानंच काढावी लागते असं नाही, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं, आणि मग दुसरं एक एन्झाइम त्याचा निचरा करतं. चीन, जपान, कोरियातल्या बऱ्याच लोकांत या दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकाची एक संथ आवृत्ती असते. ती असलेल्या माणसानं दोन घोट घेतले की चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, छाती धडधडते. साहजिकच अशी माणसं आयुष्यभर कमी पितात किंवा पीतच नाहीत. आणि आईबापांकडून कोणती आवृत्ती आपल्या वाट्याला यावी हे गर्भधारणेच्या वेळी निव्वळ योगायोगानं ठरतं. पुढे किती शिकणार, किती कमावणार, कोणता आजार होणार, यातलं काहीच तेव्हा ठरलेलं नसतं. आजार झाला म्हणून जनुक बदलत नाही, त्यामुळे बाण उलटा असण्याची शक्यताच मिटते.

चीनमधल्या दहा भागांत २००४ ते २००८ दरम्यान पाच लाखांहून जास्त लोकांची नोंद झाली आणि पुढे सुमारे दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या सुमारे एक लाख साठ हजार लोकांची ही जनुकं तपासली गेली. ऑक्सफर्ड आणि चीनमधल्या संशोधकांनी २०१९ साली निष्कर्ष छापले. पुरुषांना ‘किती पिता’ विचारून गट केले, तेव्हा पक्षाघाताच्या बाबतीत तोच ओळखीचा आलेख निघाला: आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल घेणारे सर्वांत सुरक्षित, न घेणारे आणि भरपूर घेणारे दोघेही जास्त धोक्यात. मग त्याच लोकांचे, तेच झटके मोजून, गट जनुकांप्रमाणे केले. आलेखाचा खळगा गायब झाला. जनुकानं जितकं पिणं जास्त, तितका धोका जास्त, सरळ चढती रेघ. आठवड्याला २८० ग्रॅम वाढले तर मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा झटका ५८ टक्क्यांनी आणि गुठळीमुळे येणारा २७ टक्क्यांनी वाढतो असा हिशोब निघाला. थोडी घेण्यानं संरक्षण मिळतं, याचा मागमूसही नव्हता.

यातही एक शंका घ्यायला जागा होती. ते जनुकच दारूशिवाय दुसऱ्या कुठल्या वाटेनं पक्षाघात घडवत असेल तर? संशोधकांनी ती शंका सुरेख तपासली. त्या भागांत पुरुषांपैकी साधारण एकतृतीयांश नियमित पीत होते, बायकांत जेमतेम दोन टक्के. जनुक मात्र बायकांतही तितकंच आढळतं. जनुक स्वतःच झटका घडवत असेल तर बायकांमध्येही फरक दिसायला हवा. तो दिसला नाही. म्हणजे जनुकाचा परिणाम दारूच्याच वाटेनं होत होता. कार्यकारणाचा दावा मला पटतो तो असा. आपला निष्कर्ष चुकीचा असेल तर तो कुठे उघडा पडेल, ती जागा शोधायची, आणि तिथे जाऊन पाहायचं.

या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. पक्षाघाताबद्दल तो स्पष्ट बोलतो, हृदयविकाराच्या झटक्याबद्दल नाही. जनुकांच्या गटांत हृदयाच्या झटक्यांचा फरक ना वर ना खाली, नीटसा दिसला नाही. म्हणून ‘एक पेग हृदयाला घातकच’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. फायदा सिद्ध झालेला नाही, आणि मेंदूच्या झटक्याच्या बाबतीत तो नाही असंच दिसतं. रक्तदाब असलेल्या बाईला मेंदूच्या झटक्याची काळजी जास्त, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या चांगल्या कोलेस्टेरॉलबद्दल, म्हणजे रिपोर्टमध्ये एचडीएल लिहिलेला आकडा. दारूनं एचडीएल वाढतं, हे खरं आहे. छोट्या, सोडत काढलेल्या प्रयोगांतही ते दिसलंय, त्यामुळे इथे कार्यकारणाबद्दल वाद नाही. आणि ज्यांचं एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी, हेही पाहिलेलं आहे. दोन्ही जोडून घरात निष्कर्ष निघाला: दारू, मग एचडीएल, मग हृदय सुरक्षित. पण साखळीतली दुसरी कडी नुसता सहसंबंध आहे. ती कडी एका औषधानं तपासली गेली. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधानं एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढलं. १५,०६७ रुग्णांवर सोडतीनं प्रयोग चालू होता, आणि डिसेंबर २००६ मध्ये तो घाईनं थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. शेवटच्या मोजणीत त्या गटात ९३ मृत्यू भरले आणि दुसऱ्या गटात ५९. त्या औषधाचे रक्तदाब वाढवण्यासारखे स्वतःचे दुष्परिणामही होते, त्यामुळे सगळा दोष एचडीएलवर टाकता येत नाही. पण आकडा सुधारला म्हणजे माणूस वाचला, असं नसतं, हे त्यातून कळलं. रिपोर्टमधला एचडीएलचा आकडा वर आणण्यासाठी वाइन घेणं म्हणजे कागद सुधारणं झालं.

ताई, एक प्रश्न तुम्हालाही विचारते, रागावू नका. मामा पिण्यापायी गेले, हे तुम्हाला कशावरून कळलं? ते पीत होते, त्यांचं लिव्हर बिघडलं, ते गेले, हे तुम्ही पाहिलंत. पण एका माणसाच्या बाबतीत तो प्यायला नसता तर काय झालं असतं हे कुणालाच पाहता येत नाही. लिव्हर कावीळीच्या विषाणूनं किंवा लठ्ठपणानंही बिघडतं. तुमचा अंदाज बहुधा बरोबरच आहे, कारण जास्त दारूनं लिव्हर जातं हे इतर भक्कम पुराव्यावरून माहीत आहे. पण मामांच्या गोष्टीतून ते सिद्ध होत नाही. ह्यांच्याशी बोलताना मामांचा दाखला दिलात, तर ते लगेच पंचाऐंशीच्या एखाद्या रोज घेणाऱ्या आजोबांचा दाखला देतील, आणि वाद तिथेच अडेल. त्यापेक्षा मामा कुठल्या रकान्यात गेले असते, ते त्यांना सांगून पाहा.

सुरुवातीला नुकसानीचा पुरावा जास्त भक्कम आहे असं म्हटलं, ते मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि पुढे त्यात स्तनाचा कर्करोगही आला. २००२ साली ५३ अभ्यासांमधल्या ५८,५१५ रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम अल्कोहोलमागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढत गेलेला दिसला. ही वाढ मूळ धोक्याच्या ७ टक्के आहे, शंभरात सात बायका असं नव्हे.

तुम्ही विचाराल, हाही पाहणीचाच अभ्यास, मग इथे विश्वास आणि तिथे अविश्वास का? रास्त प्रश्न. स्तनाचा कर्करोग झाला म्हणून बाई आधीपासून जास्त प्यायला लागली, असा उलटा बाण इथे बसत नाही. मात्रा वाढेल तसा धोका पायरीपायरीनं वाढतो, मधे खळगा नाही. मुलं किती, पहिलं मूल कोणत्या वयात, अशा या रोगाच्या ओळखीच्या कारणांप्रमाणे वेगळे गट करूनही चढ तसाच राहतो. आणि शरीरात ते कसं घडतं याचीही वाट दिसते: अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करतं, दारूनं स्त्री-संप्रेरकांची पातळी वाढते. यातला एकही मुद्दा एकटा पुरेसा नाही. पण सिगारेटनं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आपण मानतो तेही कुणाला सोडत काढून सिगारेटी ओढायला लावून सिद्ध झालेलं नाही. वेगवेगळ्या दिशांनी आलेले, वेगवेगळ्या त्रुटी असलेले पुरावे एकाच जागी येऊन थांबले, आणि त्या प्रत्येकाला चुकवणारं दुसरं स्पष्टीकरण उरलं नाही, म्हणून ते मान्य झालं. ‘थोडी दारू हृदयाला चांगली’ या दाव्याचं नेमकं उलट होतं. जसजशी पद्धत कडक, तसतसा फायदा विरत जातो.

आता घरातलं. ह्यांच्या एका पेगचं माप एकदा बघा. वाद घालू नका, नुसतं औषधाच्या मापानं ओतून बघा. छोटा पेग ३० मिलीचा, मोठा ६० मिलीचा. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलीत २०. अमेरिकेतल्या अभ्यासांत ‘एक पेय’ म्हणजे १४ ग्रॅम. हाताच्या अंदाजानं ओतलेला घरचा ‘एक’ बहुतेकदा मोठा असतो, आणि मग त्यांचा एक पेग लेखातल्या दीड पेयाएवढा भरतो. आठवड्याचे १४० ग्रॅम. लेख वाचून पिणाऱ्या माणसानं निदान लेखातलं माप तरी पाळावं, एवढं तुम्ही हक्कानं म्हणू शकता. ते बंदच करा असा आग्रह धरायचा की नाही, हे तुमच्या दोघांचं. मात्र ‘तब्येतीसाठी घेतो’ हे कारण तेवढं बाजूला ठेवायला सांगा. आवडते म्हणून घेतो, असं म्हणाले तर त्यावर निदान खरं बोलणं होऊ शकेल. आणि माप एकाहून बरंच वर असल्याचं आढळलं, किंवा न मिळाल्यास हात थरथरत असतील, तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना भेटा.

रक्तदाबाच्या बाबतीत सोडत काढून केलेले प्रयोग आहेत. दिवसाला दोनपेक्षा जास्त पेयं घेणाऱ्यांनी ती कमी केली तेव्हा रक्तदाब उतरला. त्याहून कमी घेणाऱ्यांत ठळक फरक दिसला नाही. हे ह्यांना जसंच्या तसं सांगा, त्यांच्या बाजूचा भागसुद्धा.

तुमच्या स्वतःसाठी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एचडीएलपेक्षा एलडीएलबद्दल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलबद्दल विचारा. एलडीएल हृदयविकाराचं कारण आहे हे जनुकांच्या अभ्यासांतूनही दिसलंय, आणि सोडत काढून दिलेल्या औषधांनी ते उतरवलं तेव्हा झटकेही कमी झाले. रक्तदाबाची गोळी रोज वेळेवर चालू आहे ना, हे पाहा, आणि तीन महिन्यांची साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. दीर पुढचा लेख पाठवतील तेव्हा त्यांना एवढंच लिहून पाठवा: यात सोडत काढली होती का, आणि न पिणाऱ्यांत सोडलेले मोजलेत का?